थायरॉईड रिपोर्टसोबतची मराठी चिठ्ठी : कामाच्या नोंदी, सांगली

विश्रामबागेतल्या आमच्या छोट्या लॅबमधून थायरॉईडच्या रिपोर्टसोबत पेशंटला वाचता येईल अशी मराठी चिठ्ठी द्यायची, हे काम जूनमध्ये हाती घेतलं. चिठ्ठी पाऊण पानाची, मोठ्या अक्षरात, आणि तिच्यात फक्त त्या पेशंटच्या आकड्यांचा अर्थ. दुसऱ्या कुठल्या लॅबला किंवा दवाखान्याला हेच करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गोळी किती घ्यायची हे ठरवणं माझं काम नाही आणि चिठ्ठीचंही नाही. ही हद्द पहिल्या दिवसापासून आखून घेतली होती.

५ जून

कुपवाडच्या एक काकू रिपोर्ट न्यायला आल्या. टीएसएच ३१. पाच महिन्यांपूर्वी आमच्याकडेच ७.९ आला होता. गोळी चालू होती, १०० मायक्रोग्रॅमची. एवढा फरक कसा पडला म्हणून विचारलं, तर त्यांनी पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून काउंटरवर ठेवली. आत सगळ्या गोळ्यांचे अर्धे तुकडे होते, काही नीट कापलेले, काहींचा भुगा झालेला.

"मागच्या बारीला टीएसएच वाढला हुता न्हवं? म्हणजे थायरॉईड जास्त झाला. म्हणून मीच गोळी अर्धी केली."

काकूंचा विचार सरळ होता. साखर वाढली की गोड कमी करायचं, बीपी वाढलं की मीठ कमी करायचं, मग टीएसएच वाढला की थायरॉईडची गोळी कमी करायची. आमच्या रिपोर्टवर ७.९ समोर ठळक अक्षरात "H" छापलं होतं आणि बाकी काही नव्हतं. टीएसएचचं गणित उलटं असतं, थायरॉईडचं काम कमी पडलं की तो वाढतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना दाखवायला जायचं राहून गेलं, कारण ऊस तुटायचा होता.

त्यांना त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. संध्याकाळी मिरजेच्या एका ओळखीच्या फिजिशियन डॉक्टरांना फोन केला. चिठ्ठीचा मजकूर तपासून द्यायला ते तयार झाले. त्यांची अट एकच होती: त्यांनी सही केल्याशिवाय एकही वाक्य पेशंटच्या हातात जाणार नाही.

९ जून

पहिला मसुदा. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, ती टीएसएच सोडते, त्यामुळे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी टी३ आणि टी४ बनवते, ते पुरेसे झाले की पिट्युटरी टीएसएच कमी करते, असं सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. चूक एकही नव्हती.

काउंटरवरच्या ताईंना, घरी जाऊन रक्त घेणाऱ्या मुलाला आणि तयार झालेल्या काही पेशंटना तो वाचायला दिला. वाचून झाल्यावर "कळलं का?" असं विचारायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. कळलं का विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी चिठ्ठी परत घ्यायची आणि म्हणायचं, "आता घरी गेल्यावर घरच्यांना काय सांगाल, ते मला सांगा."

जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं की मेंदूत काहीतरी बिघाड आहे. एका आजोबांनी तर डोक्याचा स्कॅन कुठे करायचा ते विचारलं. "मेंदूच्या तळाशी" हे शब्द डोळ्यांसमोर आले की पुढचं काही डोक्यात शिरतच नाही. तो मसुदा फाडला.

१४ जून

दुसरा मसुदा. शरीरशास्त्र सगळं काढून टाकलं आणि उलटं गणित अगदी वर आणलं:

> टीएसएच हा थायरॉईड ग्रंथीला मिळणारा हुकूम आहे. ग्रंथीचं काम कमी पडलं की हुकूम वाढतो. ग्रंथीचं काम गरजेपेक्षा जास्त झालं की हुकूम कमी होतो. म्हणून टीएसएच वाढला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा थायरॉईडचं काम कमी पडतंय असा होतो.

तासगावच्या एका बाईंनी हे दोनदा वाचलं आणि लगेच म्हणाल्या, "म्हणजे टोळी ढिली पडली की मुकादम जास्त वरडतो, तसं." इतकं नेमकं मला सुचलं नसतं. तरीही ते चिठ्ठीत घातलं नाही. वाचणारा स्वतः ऊसतोडीला जाणारा असेल तर त्याच्या आजाराच्या कागदावर मुकादमाचं ओरडणं नको. पण काउंटरवर तोंडी सांगताना ताई हेच वापरतात, आणि समोरच्याला ते चटकन कळतं.

"बहुतेक वेळा" हे दोन शब्द फिजिशियन डॉक्टरांनी घालायला लावले. मी ते काढू पाहत होते, कारण वाक्य छान सरळ होत होतं. ते म्हणाले, मोठ्या आजारातून उठणाऱ्या माणसाचा टीएसएच काही दिवस वाढलेला दिसतो आणि आपोआप खाली येतो, त्याला तुम्ही थायरॉईडचा पेशंट करून घरी पाठवणार का? शब्द राहिले.

२१ जून

आता आकड्यांवरून मजकूर निवडायचा होता. इथे काम अडलं, आणि ते अडलं हे बरं झालं.

एकाच दिवशी टीएसएच ६.८ असलेले दोन रिपोर्ट निघाले. पहिला ४२ वर्षांच्या बाईंचा. गोळी कधीच घेतलेली नाही, थकवा वाटतो म्हणून डॉक्टरांनी तपासायला सांगितलेलं. दुसरा एका शिक्षकांचा. सहा वर्षं गोळी चालू, डोस वाढवून जेमतेम तीन आठवडे झालेले. आकडा तोच, पण दोघांना सांगायचं वेगळं. बाईंना सांगायचं की हा आकडा थोडा वाढलेला आहे, एका तपासणीवरून आजार ठरत नाही. सरांना सांगायचं की नव्या डोसचा खरा परिणाम दिसायला अजून वेळ आहे. गोळीतला टी४ रक्तात अर्धा व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे डोस बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात, आणि टीएसएच तर त्याहूनही सावकाश बदलतो. म्हणूनच डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी तपासायला सांगतात. तीन आठवड्यांनी केलेली तपासणी सरांच्या खिशाला भारी पडली आणि तिच्यातून काही ठरवताही आलं नाही.

थोडक्यात, नुसत्या आकड्यावरून चिठ्ठी निघूच शकत नाही. रक्त घेण्याआधी भरायचा एक छोटा कागद केला. त्यावरचे प्रश्न:

थायरॉईडची गोळी चालू आहे का, किती मायक्रोग्रॅमची, आणि डोस शेवटचा कधी बदलला?
आज सकाळची गोळी घेतली का?
केस किंवा नखांसाठी बायोटिनची गोळी चालू आहे का?
शेवटची पाळी कधी आली? दिवस गेले असण्याची शक्यता आहे का?
गेल्या महिन्या-दोन महिन्यांत दवाखान्यात ॲडमिट होता का?

सकाळच्या गोळीचा प्रश्न अशासाठी, की गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी४, म्हणजे रक्तातलं मोकळं टी४ हार्मोन, खरं असतं त्यापेक्षा वर दिसतं. टीएसएचला फारसा फरक पडत नाही. त्यामुळे गोळी चालू असणाऱ्यांना आता आदल्या दिवशीच सांगतो की आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. उपाशीपोटी येण्याची सक्ती थायरॉईडसाठी नाही. पण गोळी रिकाम्या पोटीच घ्यायची असते, त्यामुळे सकाळी लवकर येणंच सोयीचं.

बायोटिनचा प्रश्न बऱ्याच जणांना नवा वाटेल. केस गळतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांत ते भरपूर असतं. बऱ्याच किटमध्ये रक्तातली गोष्ट पकडण्यासाठी बायोटिनचाच वापर होतो. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटा जास्त येतो. म्हणजे धडधाकट माणूस कागदावर थायरॉईड जास्त चालणारा दिसतो. केस गळणं हे थायरॉईडचंही लक्षण असल्यामुळे ही गोळी घेणाऱ्या बायका थायरॉईड तपासायला हमखास येतात. अशांना गोळी किमान दोन दिवस थांबवून यायला सांगतो, आणि डोस फार मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी थांबवायला सांगतो.

पाळीचा प्रश्न तोंडी विचारून पाहिला, जमलं नाही. काउंटरला गर्दी असते, मुलीसोबत सासू उभी असते. ताईंनी सुचवलं की तो कागदावरच असू दे, पेन द्या आणि तुम्ही दुसरीकडे बघा. तसं केल्यापासून उत्तरं येतात.

२ जुलै

आकड्यावरून मजकूर निवडायला एक्सेलमध्ये साधं सूत्र लावलं होतं:

```
=IF(B2>4.2,"जास्त",IF(B2<0.4,"कमी","मर्यादेत"))
```

आमच्या मशीनची मर्यादा ०.४ ते ४.२. जुन्या रिपोर्टांवर चालवून पाहिलं, सगळं ठीक. मग एका रिपोर्टवर फिजिशियन डॉक्टरांनी लाल पेनाने भलंमोठं वर्तुळ केलं. पेशंटचा फ्री टी४ ४.१, म्हणजे वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त, वजन उतरलेलं, छातीत धडधड. आणि चिठ्ठी सांगत होती, "तुमचा टीएसएच जास्त आहे, थायरॉईडचं काम कमी पडतंय." नेमकं उलटं.

कारण शोधायला पूर्ण संध्याकाळ गेली. टीएसएच इतका कमी होता की मशीनने आकडा न देता "<0.01" असं लिहिलं होतं. त्या चिन्हामुळे एक्सेलच्या लेखी तो आकडा उरलाच नाही, मजकूर झाला. आणि एक्सेलमध्ये मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. त्यामुळे "<0.01" हा ४.२ पेक्षा मोठा ठरला आणि "जास्त"चा मजकूर निघाला. ही चिठ्ठी पेशंटच्या हातात गेली असती तर आधीच जास्त चालणाऱ्या थायरॉईडवर कुणी गोळी सुरू केली असती. छापण्यापूर्वी सापडलं ते सहीच्या अटीमुळे.

आता आधी शेजारच्या रकान्यात चिन्ह काढून घेतो आणि सूत्र त्या रकान्यावर लावतो:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,"<",""),">",""))
```

यात दुसरी एक सोय आपोआप झाली. आकडा भरायचा राहिला असेल तर पहिलं सूत्र रिकाम्या जागेला शून्य समजून "कमी" म्हणायचं. आता तिथे #VALUE! येतं आणि चिठ्ठी निघतच नाही. तुम्ही कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हे करा, पण पहिल्यांदा "<0.01", ">100" आणि रिकामी जागा, ही तीन उदाहरणं चालवून बघा. साधे आकडे बरोबर येतात म्हणून विश्वास ठेवू नका.

१० जुलै

हरिपूरचे एक गृहस्थ पुण्यातल्या लॅबचा जुना रिपोर्ट घेऊन आले. त्यात फ्री टी४ १४.२ होता, आमच्याकडे १.१ आला. "चौदावरून एकवर? संपलाच की माझा थायरॉईड!" चेहरा उतरलेला होता.

एकक वेगळं होतं. जुना रिपोर्ट पिकोमोल प्रति लिटरमध्ये, आमचा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दुसऱ्याला १२.८७ ने गुणलं की पहिला मिळतो. १.१ गुणिले १२.८७ म्हणजे १४.१६. तीच पातळी, तसूभरही फरक नाही. टीएसएचच्या बाबतीत हा घोळ होत नाही, कारण तिथे मिलि-युनिट प्रति लिटर आणि मायक्रो-युनिट प्रति मिलिलिटर यांचा आकडा एकच येतो.

एककाची माहिती चिठ्ठीत घालून बघितली, ती कुणी वाचली नाही. शेवटी एकच ओळ ठेवली: "दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टशी आकडा जुळवून पाहू नका. त्या लॅबने दिलेल्या मर्यादेत तो बसतो का, ते पाहा." पुढच्या तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, असंही लिहायचं होतं. खरं तर ते योग्यच आहे, पण ते आम्हीच लिहिलं तर गिऱ्हाईक धरून ठेवण्यासारखं दिसतं. ते डॉक्टरांनी सांगावं असं ठरलं.

२४ जुलै

आठवडाभर पाऊस. आयर्विन पुलाजवळ पाणी वाढतंय म्हणून पेशंट कमी आले, त्यामुळे शांतपणे बसून मजकूर पक्का करता आला. टीएसएच ६.८ असलेल्या ४२ वर्षांच्या बाईंची चिठ्ठी, मंजूर झाली तशी:

> तुमचा टीएसएच ६.८ आहे. आमच्या लॅबची मर्यादा ०.४ ते ४.२.
> टीएसएच हा थायरॉईड ग्रंथीला मिळणारा हुकूम आहे. तो वाढला की बहुतेक वेळा ग्रंथीचं काम थोडं कमी पडतंय असा अर्थ होतो.
>
> तुमचा फ्री टी४ १.१ आहे. मर्यादा ०.८ ते १.८.
> हे ग्रंथीने प्रत्यक्ष बनवलेलं हार्मोन. ते सध्या पुरेसं आहे. म्हणजे ग्रंथीला जास्त जोर लावावा लागतोय, पण काम होतंय.
>
> पुढे काय? एवढा वाढलेला टीएसएच काही जणांत आपोआप खाली येतो. त्यामुळे एका तपासणीवरून आजार ठरत नाही. साधारण २ ते ३ महिन्यांनी पुन्हा तपासायचं का आणि गोळी लागेल का, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. हा कागद त्यांना दाखवा.
>
> तोवर: दुसऱ्या कुणाची थायरॉईडची गोळी घेऊ नका. आयोडीनयुक्त मीठ बंद करू नका. दिवस गेले किंवा तसा विचार असेल तर दोन महिने थांबू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

यातल्या काही वाक्यांवर बरीच चर्चा झाली. "सबक्लिनिकल हायपोथायरॉईडिझम" हे या अवस्थेचं नाव पहिल्या मसुद्यात होतं. ते वाचून लोक मोबाईलवर शोधतात आणि त्यांना सगळ्यात वाईट तेवढंच सापडतं. नाव डॉक्टरांनी तोंडी सांगावं. "जोर लावावा लागतोय, पण काम होतंय" हे वाक्य मात्र सगळ्यांनी घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं.

टीएसएच १० च्या वर गेला की मजकूर बदलतो. तिथे "आपोआप खाली येतो" हे वाक्य नसतं आणि डॉक्टरांना या आठवड्यात दाखवा असं लिहिलेलं असतं. कारण त्या पातळीवर डॉक्टर बहुधा गोळी सुरू करतात. सत्तरीच्या पुढच्या माणसांत टीएसएच थोडा वर असणं नेहमीचं असतं, म्हणून त्यांच्या चिठ्ठीत तशी ओळ जादा आहे.

कोबी आणि फ्लॉवर खायचा का, हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. त्यावर एक परिच्छेद लिहिला होता, तो फिजिशियन डॉक्टरांनी सरळ खोडला. आयोडीन पुरेसं मिळत असेल तर शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने काही बिघडत नाही. पण चिठ्ठीत भाजीचं नाव आलं की माणूस भाजी सोडतो आणि वाटतं उपचार झाला, मग पुन्हा तपासायला येत नाही. मिठाची ओळ राहिली. कारण सैंधव चांगलं म्हणून घरात तेच वापरणारे वाढलेत, आणि त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं.

गोळी चालू असणाऱ्यांच्या चिठ्ठीत खालचा भाग वेगळा आहे:

> टीएसएच वाढला म्हणून गोळी कमी करू नका. टीएसएच कमी आला म्हणून गोळी वाढवू नका. दोन्ही उलटं होईल. डोस फक्त डॉक्टर बदलतील.
>
> गोळी सकाळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या ते एक तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांनी.

शेवटची ओळ किती महत्त्वाची आहे ते सरांच्या बाबतीत कळलं. ते सकाळी थायरॉईडची, कॅल्शियमची आणि बीपीची अशा तिन्ही गोळ्या एकत्र, चहाबरोबर घेत होते. कॅल्शियम पोटात थायरॉईडच्या गोळीला धरून ठेवतं, मग ती अंगाला लागत नाही. डोस वाढवण्याआधी हे कुणी विचारलं असतं तर कदाचित वाढवावाच लागला नसता. डॉक्टरांना फोन करून कळवलं. त्यांनी वेळा बदलायला लावल्या आणि ६ आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं.

८ ऑगस्ट

कुणाला चिठ्ठी द्यायची नाही, याची यादी पक्की केली. या सगळ्यांच्या रिपोर्टवर फक्त "डॉक्टरांशी बोला" एवढं असतं, आणि गरज असेल तर आम्ही त्यांच्या डॉक्टरांना स्वतः फोन करतो.

पहिला प्रकार गरोदर बायांचा. पहिल्या तीन महिन्यांत गरोदरपणातलं एचसीजी हे हार्मोन थायरॉईडला स्वतःच चालना देतं, त्यामुळे टीएसएच खाली जातो. आठव्या आठवड्यात ०.२ हा आकडा अनेकदा स्वाभाविक असतो. आमची नेहमीची चिठ्ठी त्यावर "थायरॉईड जास्त चालतोय" म्हणाली असती आणि घरात हाहाकार झाला असता. उलट, टीएसएच वाढलेला असेल तर तिथे दोन-तीन महिने थांबून चालत नाही. दोन्ही बाजूंनी आमचा मजकूर चुकतो.

लहान मुलं, विशेषतः नवजात बाळं. त्यांच्या मर्यादा वेगळ्या आणि घाईही वेगळी.

ॲडमिट असलेले किंवा नुकतेच घरी गेलेले.

आणि चौथा प्रकार, जो यादीत आधी नव्हता. एका रिपोर्टमध्ये टीएसएच १.९, अगदी मर्यादेत. फ्री टी४ मात्र ०.५, म्हणजे कमी. आमचं सूत्र आधी टीएसएच बघायचं आणि तिथेच "सगळं ठीक" म्हणून थांबायचं. हार्मोन कमी पडलंय, मग हुकूम वाढायला हवा होता. तो वाढला नाही, म्हणजे बिघाड कदाचित हुकूम देणाऱ्या पिट्युटरीतच आहे. हे क्वचित होतं, पण त्यात "ठीक" म्हणणं धोक्याचं. आता नियम असा आहे की टीएसएच आणि फ्री टी४ दोन्ही बघितल्याशिवाय "मर्यादेत" हा शब्द छापायचा नाही, आणि दोघांचा मेळ बसत नसेल तर चिठ्ठी निघणार नाही. फक्त टीएसएच केला असेल तर चिठ्ठीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

२० ऑगस्ट

खर्च आणि वेळ. काळ्या-पांढऱ्या छपाईचा खर्च नगण्य आहे, तो लॅबच सोसते. वेळ गेला तो दुसरीकडे. लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर टाकला की छापताना चौकोन उमटायचे. सॉफ्टवेअरवाल्यांनी दुरुस्तीचे जे पैसे सांगितले ते परवडणारे नव्हते. महिनाभर त्यांच्या मागे लागण्यात गेला. शेवटी चिठ्ठी एक्सेलमधून वर्डमध्ये घेऊन वेगळी छापतो आणि रिपोर्टला पिन मारतो. ओबडधोबड आहे, पण चालतं. तुम्ही सुरू करत असाल तर सॉफ्टवेअरच्या नादी न लागता इथूनच सुरुवात करा.

व्हॉट्सॲपवर रिपोर्ट मागणारे निम्म्याहून जास्त. त्यांना दोन पानांची एकच फाईल पाठवली, तर बरेच जण पहिल्या पानाचा फोटो काढून तेवढाच पुढे पाठवायचे. चिठ्ठी मागेच राहायची. पहिल्या पानावरच चिठ्ठी घेऊया असं मी म्हटलं, त्याला फिजिशियन डॉक्टरांचा विरोध होता. सहीच्या रिपोर्टमध्ये असा मजकूर मिसळला की दुसऱ्या डॉक्टरांना तो लॅबचं निदान वाटेल. ते पटलं. आता चिठ्ठी आधी वेगळी पाठवतो, मागून रिपोर्ट. लोक जे आधी येतं ते उघडून वाचतात.

६ ऑक्टोबर

६.८ वाल्या बाई पुन्हा तपासायला आल्या. चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये होती. टीएसएच ५.१, फ्री टी४ १.२. "कमी झाला की नाही?" त्यांनी हसून विचारलं.

सरळ हो म्हणता आलं नाही. पहिल्या वेळी रक्त सकाळी साडेसातला घेतलं होतं, या वेळी त्या सूतगिरणीजवळून दुपारी एकला आल्या होत्या. टीएसएच दिवसभर सारखा राहत नाही. रात्री तो सगळ्यात वर असतो, पहाटेपासून उतरत दुपारी खालच्या पातळीवर येतो. ६.८ आणि ५.१ मधला किती फरक खरा आणि किती घड्याळाचा, हे या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच की तो अजून मर्यादेबाहेर आहे, फार वाढलेला नाही, आणि हार्मोन पुरेसं आहे.

त्यांच्या डॉक्टरांनी अँटी-टीपीओ तपासणी करायला सांगितली, ती पॉझिटिव्ह आली. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडविरुद्ध काम करतेय, आणि पुढे कधीतरी गोळी लागण्याची शक्यता वाढते. थकवा आता फारसा नाही म्हणून सध्या गोळी नाही, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. अँटी-टीपीओचा मजकूर अजून तयार नाही. "प्रतिकारशक्ती विरुद्ध काम करते" हे वाचून ताकदीची औषधं घ्यायला धावणारे लोक मसुद्याच्या वाचनातच सापडले, त्यामुळे तो मसुदा फिजिशियन डॉक्टरांकडे परत गेला आहे.

चिठ्ठीत मात्र आजपासून दोन गोष्टी वाढल्या. रक्त घेतल्याची वेळ आकड्याशेजारी छापली जाते. आणि खाली एक ओळ आहे: "पुढच्या वेळी साधारण याच वेळेला या." बाईंच्या चिठ्ठीवर ताईंनी त्या ओळीपुढे पेनाने "सकाळी साडेसात" असं लिहून दिलं.